पेपरच्या आदल्या रात्रीचं जागरण: नुकसान कुठे होतं आणि ते टाळायचं कसं

दहावीची मुलं जागरणाचा हिशोब चुकीच्या पेपरला लावतात. सोमवारी गणित असतं, रविवारी रात्रभर जागतात, पेपर बऱ्यापैकी जातो आणि जागरण पचलं असं ठरवून टाकतात. बुधवारी विज्ञानाच्या पेपरात वाचलेलं आठवत नाही, तेव्हा दोष विज्ञानाला देतात.

बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यातला एक मुलगा माझ्याकडे शिकवणीला यायचा. त्याचं अगदी असंच झालं. रविवारी रात्री साडेचारपर्यंत तो गणितं सोडवत बसला. दहाच्या पेपरसाठी सातच्या बसने निघाला. पेपर सुटल्यावर तीनपर्यंत घरी पोहोचला, कडक चहा घेतला आणि लगेच विज्ञानातला 'विद्युत' हा धडा काढला. रात्री आठपर्यंत तो धडा त्याने दोनदा वाचून काढला. त्या रात्री तो दहा तास झोपला आणि मंगळवारी बाकीचे धडे वाचले. बुधवारी पेपरात मंगळवारचे धडे आठवले, पण सोमवारी दोनदा वाचलेल्या 'विद्युत'मधलं रोध समांतर जोडल्यावर एकूण रोध कसा काढायचा तेवढंच आठवेना. "सर, वाचलेलं सगळं डोळ्यांसमोर होतं, पण हाताला लागत नव्हतं," असं तो म्हणाला.

तो आळशी नव्हता आणि घाबरलेलाही नव्हता. ज्या दिवशी त्याच्या डोक्यात नवीन नोंद होणं कठीण होतं, नेमक्या त्याच दिवशी त्याने सगळ्यात अवघड धडा वाचला होता. पुढचे टप्पे हीच चूक टाळण्यासाठी आहेत, आणि ते दिलेल्या क्रमानेच करायचे आहेत.

## टप्पा १: आधी बिघाड ओळखा

एका रात्रीची झोप गेली की दोन वेगवेगळ्या गोष्टी बिघडतात. उपायही वेगवेगळे आहेत, म्हणून त्यांची सरमिसळ करू नका.

पहिला बिघाड लक्षाचा. जागरणाने लक्ष सगळीकडे सारखं मंद होत नाही, त्याला मध्येमध्ये भोकं पडतात. प्रयोगशाळेत हे मोजायची एक साधी चाचणी आहे. दहा मिनिटं पडद्याकडे बघायचं आणि खूण दिसली की बटण दाबायचं. खूण दोन ते दहा सेकंदांच्या अंतराने कधीही येते. झोप झालेला माणूस साधारण पाव सेकंदात बटण दाबतो. रात्रभर जागलेला माणूसही बऱ्याच वेळा तेवढ्याच वेगाने दाबतो, पण मधूनच अर्ध्या सेकंदाहून जास्त उशीर करतो, कधी तर खूण त्याला दिसतच नाही. डोळे उघडे असतात आणि मेंदू क्षणभर बंद पडलेला असतो. गणितात उणे चिन्ह अधिक होऊन खाली उतरतं किंवा प्रश्नाचा 'ब' भाग राहून जातो, ते या भोकांमुळे. पद्धत येत असते, पण एक ओळ निसटलेली असते.

दुसरा बिघाड नोंदीचा, आणि तो जास्त फसवा आहे. आज घडलेल्या आणि वाचलेल्या गोष्टींची पहिली नोंद करण्यात मेंदूतल्या हिपोकॅम्पस नावाच्या लहानशा भागाचा मोठा वाटा असतो. सुंग-शिक यू, मॅथ्यू वॉकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये याच भागावरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. २८ तरुण घेतले. अर्धे नेहमीसारखे झोपले, अर्ध्यांना रात्रभर जागं ठेवलं. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना चित्रांची एक मालिका दाखवली आणि चित्रं बघताना मेंदूचं स्कॅन केलं. त्यानंतर सगळ्यांना दोन रात्री नीट झोपू दिलं आणि मगच विचारलं की यातली कोणती चित्रं आधी पाहिली होती. झोपलेल्या गटाने सुमारे ८६ टक्के चित्रं ओळखली, जागलेल्या गटाने सुमारे ७४ टक्के. चित्रं बघत असताना जागलेल्यांच्या हिपोकॅम्पसमधली हालचालही कमी दिसली होती.

मधल्या त्या दोन रात्रींकडे लक्ष द्या. परीक्षेच्या वेळी दोन्ही गट ताजेतवाने होते. म्हणजे आठवताना अडचण आली नव्हती, नोंदच कच्ची झाली होती. नंतर कितीही झोप काढली तरी जी नोंद झालीच नाही ती परत येत नाही. माझ्या विद्यार्थ्याचा सोमवारचा धडा असाच गेला.

मर्यादाही लक्षात ठेवा. आधीपासून पक्कं असलेलं एका रात्रीच्या जागरणाने पुसलं जात नाही. वर्षभर सोडवलेली प्रमेयं आणि पाठ झालेली कविता बऱ्याच अंशी आठवते. गणिताचा पेपर 'बरा गेला' तो यामुळेच. फटका बसतो तो नव्याने शिकायच्या गोष्टींना आणि बारकाईने बघायच्या कामांना.

## टप्पा २: आठवडाभर आधी उठायची वेळ पक्की करा

बरीच मुलं झोपायची वेळ ठरवतात आणि तिथेच फसतात. रोज साडेबारापर्यंत जागणारा मुलगा परीक्षेच्या आदल्या रात्री नऊला अंथरुणावर पडला तरी त्याला झोप येणार नाही. नेहमीच्या झोपेच्या वेळेआधीचे दोनतीन तास शरीर उलट जास्त जागं असतं. मग कूस बदलत अकरा वाजतात, "उद्या पेपर आहे आणि मला झोपच येत नाही" ही धास्ती बसते आणि रात्र जाते.

म्हणून सुरुवात सकाळपासून करायची.

१. पेपर दहाला असेल तर मागे मोजत या. केंद्रावर साडेनऊला पोहोचायचं. बेळगाव शहरात राहत असाल तर नऊला निघालात तरी चालेल. नंदगड किंवा कुद्रेमनीकडून यायचं असेल तर बसची वेळ आणि एक बस चुकली तर लागणारा वेळ, दोन्ही धरा. बहुतेकांचं उत्तर सहाला उठणं हेच येतं.

२. परीक्षेच्या आठवडाभर आधीपासून रोज सहालाच उठा, रविवारीसुद्धा. उठल्यावर पंधरावीस मिनिटं अंगणात किंवा गच्चीवर उजेडात जा. शरीराचं घड्याळ सकाळच्या उजेडाने लवकर सरकतं.

३. झोपायची वेळ रोज वीसेक मिनिटांनी अलीकडे आणा. साडेबाराची वेळ आठवड्यात दहाच्या आसपास येते. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना आठ ते दहा तास झोप लागते. दहा ते सहा ही किमान मर्यादा समजा.

घरच्यांसाठी. आपल्याकडे मुलांना पहाटे चारला उठवून बसवायची पद्धत आहे, कारण पहाटे वाचलेलं लक्षात राहतं असं म्हणतात. मूल रात्री आठला झोपलं असेल तर चारला खुशाल उठवा. पण बाराला झोपलेल्याला चारला उठवलं तर त्याची निम्मी रात्र तुम्हीच काढून घेतलीत. शिवाय पहाटे तीन ते पाच ही वेळ शरीराच्या घड्याळानुसार सगळ्यात मंद असते. पुस्तकावर पेंगणाऱ्या मुलाच्या अंगात आळस आहे असं समजू नका.

## टप्पा ३: आदल्या दिवशी वाचायचा क्रम बदला

जागरण बहुतेक वेळा अभ्यास जास्त म्हणून होत नाही, क्रम चुकला म्हणून होतं. सकाळी सोपं आणि आवडीचं वाचतात, अवघड धडा रात्रीवर ढकलतात, आणि रात्री अकराला कळतं की एक पूर्ण प्रकरण बाकी आहे.

क्रम असा ठेवा. नवीन किंवा कच्चं असलेलं सगळं दुपारी एकच्या आत. जेवणानंतर एक डुलकी, त्याबद्दल खाली लिहिलं आहे. तीन ते सहा गणितं सोडवणं, आकृत्या काढणं, उत्तरं लिहून बघणं. सातनंतर नवीन काहीही उघडायचं नाही. पुस्तक मिटून फक्त आठवायचं. मथळा बघा, खाली काय आहे ते तोंडाने सांगा, अडलं तरच पान उघडा. साडेनऊला दप्तर भरायचं. हॉल तिकीट, दोन पेनं, कंपासपेटी आणि पाण्याची बाटली जागेवर ठेवा, म्हणजे रात्री दोनला "हॉल तिकीट कुठे ठेवलं?" म्हणून दचकून उठायची वेळ येणार नाही.

तपासा. दुपारी एकला नवीन भाग किती उरला ते कागदावर लिहा. दोन धड्यांहून जास्त असेल तर ते सगळं होणार नाही. त्यातला कमी गुणांचा भाग आत्ताच सोडा. हा निर्णय दुपारी, शांत डोक्याने घ्यायचा आहे. रात्री बाराला घ्यायला गेलात तर उत्तर नेहमी "जागूया" असंच येतं.

आपल्या भागातल्या मुलांसाठी इथे एक खास गोष्ट आहे. मराठी माध्यमाच्या मुलांना कन्नडचा पेपर असतो, आणि आदल्या रात्री जागून ती कन्नड शब्द आणि अर्थ घोकतात. सगळ्या अभ्यासात हेच काम जागरणाला सगळ्यात कमी झेपणारं आहे, कारण प्रत्येक जोडी पूर्णपणे नवीन नोंद असते. त्यात काही शब्द मुद्दाम फसवतात. 'गमन' म्हणजे मराठीत जाणं, पण कन्नडमध्ये लक्ष. जुनी ओळख बाजूला सारून नवा अर्थ बसवायला ताजं डोकं लागतं. शब्दांच्या याद्या सकाळीच करा.

## टप्पा ४: रात्रीचे तीन सापळे

चहा. जागेपणी मेंदूत अॅडेनोसिन नावाचं रसायन साठत जातं आणि झोपेचा दाब वाढवतं. चहा-कॉफीतलं कॅफिन हा दाब कमी करत नाही, तो जाणवू देत नाही एवढंच. पोटात गेलेल्या कॅफिनपैकी निम्मं उतरायला साधारण पाच तास लागतात. संध्याकाळी सहाला घेतलेल्या चहाचा निम्मा अंमल अकराला अजून अंगात असतो. परीक्षेच्या दिवसांत शेवटचा चहा दुपारी चारच्या आत घ्या.

मोबाईल. वर्गाच्या ग्रुपवर रात्री अकराला 'महत्त्वाचे प्रश्न' येतातच. ते बघितले की एक तरी न वाचलेला प्रश्न दिसतो, आणि झोप उडायला तेवढं पुरतं. साडेनऊला फोन आईवडिलांकडे द्या. गजरासाठी साधं घड्याळ ठेवा.

झोप न येणं. अंथरुणावर पडून वीसेक मिनिटं झाली तरी डोळा लागत नसेल तर उठा, मंद उजेडात बसा, पेंग आली की परत आडवे व्हा. घड्याळ बघू नका. काळजीमुळे एखादी रात्र पाच तासांचीच झाली, तर ते रात्रभर जागण्याइतकं वाईट नाही. मी वर सांगितलेला प्रयोग पूर्ण रात्र जागलेल्यांवरचा आहे. तेवढं नुकसान आपलंही झालं असं समजून हातपाय गाळू नका.

## टप्पा ५: रात्र गेलीच असेल तर

लग्नाचा लाऊडस्पीकर, घरातलं आजारपण, किंवा सगळं कळूनही केलेलं जागरण, काहीही कारण असो. आता पुढचे चोवीस तास सावरायचे आहेत.

१. घड्याळात किती वाजले ते बघा. दोन वाजले असतील तर पुस्तक मिटा आणि सहापर्यंत झोपा. चार तास फुकट जात नाहीत. साडेचार वाजले असतील तरीही दीड तास झोपा. झोपेचं एक चक्र साधारण तेवढंच असतं. "आता काय झोपायचं!" असं म्हणून उजाडेपर्यंत बसलेली मुलं त्या दीड तासात फार तर चार पानं उलटतात, आणि त्यांची नोंदही धड होत नाही. मात्र दोन गजर लावा आणि घरच्यांनाही उठवायला सांगा. निघण्याआधी पाऊण तास हातात ठेवा, कारण अपुऱ्या झोपेतून उठल्यावर पंधरा ते तीस मिनिटं डोकं जड असतं.

२. दुचाकी चालवू नका. सलग सतरा ते एकोणीस तास जागं राहिल्यावर माणसाची प्रतिक्रिया रक्तात १०० मिलिलिटरला ५० मिलिग्रॅम मद्य असलेल्या माणसाइतकी मंदावते, असं २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं. आपल्याकडे गाडी चालवणाऱ्यासाठी कायद्याची मर्यादा ३० मिलिग्रॅम आहे. वडिलांसोबत जा किंवा बसने जा.

३. सकाळी नवीन काही वाचू नका. सूत्रांचा कागद एकदा नजरेखालून घाला, बस्स. बसमध्ये डोळे मिटून बसा.

४. पेपरात भोकांचा बंदोबस्त करा. पहिली पंधरा मिनिटं प्रश्नपत्रिका वाचायला मिळतात. त्यात प्रत्येक प्रश्नातली सूचना आणि उपप्रश्नांची संख्या पेन्सिलीने अधोरेखित करा. एकाच कामात वेळ जाईल तशी लक्षातली भोकं वाढतात, म्हणून आकडेमोड आणि आकृत्या पहिल्या तासात उरका, आणि पत्रलेखन किंवा पाठ असलेली उत्तरं शेवटी ठेवा. आकडा उतरवताना प्रश्नावर बोट ठेवा. प्रत्येक गणितानंतर उत्तर तपासण्याऐवजी प्रश्नातले आकडे आणि चिन्हं पुन्हा जुळवून बघा, कारण चूक बहुतेक वेळा तिथेच असते.

५. घरी आल्यावर आधी झोपा. सगळ्यात जास्त चूक होते ती याच पायरीवर. पुढच्या विषयाचं पुस्तक उघडू नका. जेवा, अडीच-तीनला आडवे व्हा आणि दीड तासाचा गजर लावा. चार-साडेचारला उठल्यावर अर्धा तास फिरा, तोंड धुवा, मगच बसा. त्या दिवशी फक्त येणाऱ्या भागाची उजळणी करा. नवीन धडा दुसऱ्या दिवशी सकाळी, पूर्ण रात्र झोपून झाल्यावर. दुसऱ्याच दिवशी पुढचा पेपर असेल आणि नवीन वाचणं टाळताच येणार नसेल, तर ते डुलकीनंतर वाचा, आधी नाही.

सावध. दुपारची झोप दीड तासाच्या पुढे जाऊ देऊ नका, आणि पाचनंतर झोपू नका. नाहीतर रात्री बाराला डोळे टक्क उघडे राहतील आणि दुसरं जागरण सुरू होईल. रात्र नीट झाली असेल त्या दिवशी वीस मिनिटांची डुलकी पुरते.

## टप्पा ६: स्वतःवर करून बघायची चाचणी

"मला काही होत नाही, मला सवय आहे," असं म्हणणारा एक तरी मुलगा प्रत्येक वर्गात असतो. त्याला खरंच तसं वाटत असतं. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कॉलेजच्या काही विद्यार्थ्यांना रात्रभर जागवून विचार करायला लावणारी परीक्षा दिली. झोपलेल्यांपेक्षा त्यांचे गुण कमी आले, आणि तरीही आपलं लक्ष जास्त चांगलं लागलं होतं असं त्यांनी स्वतःच सांगितलं. त्यामुळे वाटण्यावर जाऊ नका, मोजा. ही चाचणी परीक्षेच्या दोन महिने आधी करायची. त्यासाठी मुद्दाम जागू नका. घरी लग्नकार्य किंवा गावची यात्रा झाली की रात्र आपोआप मिळते.

लक्षासाठी वर्तमानपत्राचं एक भरगच्च पान घ्या. दहा मिनिटं लावा आणि ओळीने जात प्रत्येक 'क' वर काट मारा. मग दुसऱ्या कुणाला तरी सुटलेले 'क' लाल पेनने गोल करायला सांगा. झोप झालेल्या दिवशी सुटलेले 'क' थोडे आणि विखुरलेले असतात. जागरणानंतर ते पुंजक्याने सुटलेले दिसतील. एखाद्या ओळीतले सलग तीन-चार निसटलेले असतात, आणि पान संपत आलं की जास्त. ते पुंजके म्हणजेच मघाची भोकं.

नोंदीसाठी अजिबात माहीत नसलेल्या वीस कन्नड शब्दांच्या दोन याद्या करा. एक झोप झालेल्या दिवशी दुपारी पंधरा मिनिटं पाठ करा, दुसरी जागरणानंतरच्या दुपारी तितकाच वेळ. तपासणी मात्र त्याच दिवशी करू नका. दोन्ही वेळा मध्ये दोन रात्री नीट झोपा आणि तिसऱ्या दिवशी अर्थ लिहून बघा. लगेच तपासलं तर फरक दिसेलच असं नाही, कारण ताजं वाचलेलं थोडा वेळ तरी तोंडावर असतं.

खानापूरच्या त्या मुलाने हे पुढच्या वर्षी, पीयूसीला गेल्यावर केलं. झोपेनंतरच्या यादीतले त्याला चौदा शब्द आले, जागरणानंतरच्या यादीतले आठ. एकाच मुलाच्या दोन याद्यांवरून शास्त्र सिद्ध होत नाही, शब्दही कमी-जास्त अवघड असू शकतात. पण तो कागद त्याने अभ्यासाच्या टेबलासमोर चिकटवला, आणि साडेनऊला फोन आईकडे द्यायला लागला.